दागिन्यांच्या छायाचित्रातील हात: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या सोलापुरात, ऐन लग्नसराईत, पाटल्या, हिरवा चुडा आणि अंगठी ल्यालेल्या हाताचे छायाचित्र जाहिरातीसाठी काढले, की दागिन्यासोबत फुगलेल्या शिरा, शुष्क त्वचा आणि कमीअधिक वाढलेली नखे यांचाही तपशील कॅमेरा तितक्याच निष्ठेने टिपून ठेवतो. पुढे संगणकावर जे फेरफार होतात, त्यांविषयी काही समजुती रूढ आहेत; असे एक छायाचित्र समोर ठेवून त्या तपासून पाहू.

गैरसमज: शिरा पुसून टाकल्या की काम झाले.

वस्तुस्थिती: उष्म्याने त्वचेखालच्या शिरा विस्फारतात आणि हात खाली लोंबता राहिला की त्या रक्ताने भरतात, म्हणून छायाचित्रापूर्वी हात अर्धा मिनिट खांद्यापेक्षा उंच धरून, शिरा पुन्हा भरण्याच्या आत चित्र घेतल्यास निम्मे काम विनासायास होते. उरलेली शीर ही चित्रात एका बाजूस उजेड, दुसऱ्या बाजूस छाया आणि वर निळसर झाक अशा तीन गोष्टींनी बनलेली असते. तिच्यावर शेजारची त्वचा चिकटवली, तर सांधे आणि स्नायुबंध यांचे उंचसखलपणही नाहीसे होऊन हात रबरी मोज्यासारखा दिसू लागतो. त्याऐवजी फोटोशॉपमध्ये पन्नास टक्के करड्या रंगाचा `Soft Light` थर घेऊन, अत्यंत मंद कुंचल्याने छायेची कड उजळावी आणि उजेडाची कड दाबावी. निळसर झाकेसाठी `Color` पद्धतीचा निराळा थर घेऊन त्यावर शेजारच्या त्वचेचा रंग हलकेच फिरवावा. शेवटी त्या थरांचा अंमल थोडा कमी करून शिरेची अंधुक खूण राहू द्यावी, कारण चेहरा आणि हात यांचे वय जुळले पाहिजे.

गैरसमज: शिरा आणि कोरडेपणा यांवर एकच धूसरपणा पुरतो.

वस्तुस्थिती: हे दोष निरनिराळ्या मापाचे आहेत, कोरड्या त्वचेची पापुद्री सूक्ष्म असते, शिरेची छाया रुंद. चित्राच्या दोन प्रती करून खालच्या प्रतीवर `Gaussian Blur` द्यावा आणि पापुद्री दिसेनाशी होते पण शीर अद्याप ओळखू येते, त्या टप्प्यावर थांबावे. हात तीन हजार बिंदू रुंद असेल, तर सुमारे आठ बिंदूंपासून आरंभ करून नजरेने ठरवावे. आठ-बिट चित्रात वरच्या प्रतीवर `Apply Image` मध्ये खालचा थर निवडून `Subtract`, `Scale` 2 आणि `Offset` 128 ठेवावे, मग त्या थराची पद्धत `Linear Light` करावी. आता पापुद्री केवळ वरच्या थरातून `Healing Brush` ने काढता येते आणि रंध्रे शाबूत राहतात. तत्पूर्वी हाताला साधे मलम लावून, ते मुरल्यावर जादा अंश पुसून घेणे हितावह. तेल लावल्यास मात्र त्वचा चकाकते आणि सोन्यावर डाग उमटतात.

गैरसमज: दागिन्याला हात लावला नाही, म्हणजे तो बिघडत नाही.

वस्तुस्थिती: वरील दोन थर अस्पर्श एकत्र आले तर मूळ चित्रच दिसते, परंतु मनगटाचे डाग घालवण्यासाठी खालचा थर आणखी धूसर केला, की पाटलीचा पिवळा आणि चुड्याचा हिरवा रंग त्वचेत झिरपतो आणि त्वचेचा रंग सोन्यावर चढतो. म्हणून आधी `Pen` ने प्रत्येक बांगडीची कड आखून तिचे क्षेत्र वगळावे आणि मगच उरलेल्या त्वचेवर काम करावे. बांगडीची मनगटावर पडलेली बारीक छाया मात्र पुसू नये. ती गेली की बांगडी तरंगते. चित्र दुपटीने मोठे करून पाहिल्यास कडेभोवतीचे पिवळट वलय ही चूक तत्काळ उघडकीस आणते.

गैरसमज: सर्व नखे एकसारखी लांब करावीत.

वस्तुस्थिती: बोटेच निरनिराळ्या आकाराची असल्याने नखांचे टोकाकडील वळण जुळले तरी पुरे, तुटके नख कानशीने आधीच घासणे सर्वांत सोपे. `Liquify` ने नख ओढताना जवळची अंगठीही लांबट होते, म्हणून तिच्यावर प्रथम `Freeze Mask` रंगवावा. वाढवलेल्या नखावरील चमकेची रेघही टोकापर्यंत पोचवावी. हे करताना अंगठीचा खडा किंचितही मोठा झाला, तर तो फेरफार हाताचा न राहता विक्रीच्या मालाचा होतो आणि खरेदीदाराची दिशाभूल करतो. यास्तव काम संपल्यावर मूळ चित्र वर ठेवून दोन्हींतील अंगठी आणि पाटल्या तंतोतंत जुळतात की नाही, हे पडताळावे.