निरोपाचं शेवटचं पान

नोकरी सोडणारा माणूस नोटीस पिरियडच्या अखेरीस हँडओव्हरचं प्रेझेंटेशन देतो, तेव्हा पडद्यावर सगळ्यांत जास्त वेळ राहते ती शेवटची स्लाइड. आधीची पानं भराभर सरकतात. हे पान मात्र प्रश्नोत्तरं, साहेबांचे दोन शब्द, समोसे आणि ग्रुप फोटो उरकेपर्यंत तिथेच असतं. त्यावर बहुधा मोठ्या अक्षरांत ‘थँक यू’ असतं, मागे सूर्यास्त आणि खाली खासगी मोबाइल नंबर. निरोप म्हणून ते ठीक आहे, पण कामाच्या दृष्टीने सगळ्यांत मोक्याची जागा वाया गेलेली असते.

समजा, भोसरीतल्या एका मध्यम कारखान्यातले अकाउंट्सचे जुने गृहस्थ महिनाअखेरीला निघाले आहेत आणि त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली आहे. टॅलीतल्या नोंदी, बँकेचा मेळ, फायली कुठे ठेवल्यात, हे सगळं आधीच्या पानांवर आलं. पण त्यांच्या निघण्यानंतरचे तीन आठवडेच खरे अवघड असतात. ७ तारखेपर्यंत आदल्या महिन्याचा टीडीएस भरायचा, ११ पर्यंत जीएसटीआर-१, १५ पर्यंत पीएफ, २० पर्यंत जीएसटीआर-३बी. अकरा तारीख हुकली, तर ग्राहक कंपनीला १४ तारखेला मिळणाऱ्या विवरणात आपली बिलं दिसत नाहीत. मग त्यांना त्या महिन्याचं क्रेडिट घेता येत नाही आणि ते आपलं पेमेंट अडवून धरतात. म्हणून शेवटच्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात या चार तारखा हव्यात आणि प्रत्येकीपुढे आता ते काम कोण करणार त्याचं नाव. ‘अकाउंट्स विभाग’ असं लिहिलं, तर ते काम कुणाचंच नसतं.

दुसरी गोष्ट ओटीपीची, आणि घोळ होतो तो बहुतेक वेळा इथेच. जीएसटी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल कित्येक ठिकाणी अकाउंट्सवाल्याचाच असतो, कारण नोंदणीच्या दिवशी तोच कॉम्प्युटरपुढे बसलेला होता. तो गेल्यावर ओटीपी त्याच्या खिशातल्या फोनवर वाजतो. कंपनीचा ईमेल तर शेवटच्या दिवशी संध्याकाळीच बंद होतो, त्यामुळे त्यावर येणारे कोड कुणालाच दिसत नाहीत. माणूस भला असेल तर फोनवर आकडे सांगतो, पण तो नव्या नोकरीत मीटिंगमध्ये असतो आणि इकडे वीस तारीख असते. नंबर बदलणं लॉग-इन हाताशी असताना सोपं असतं. नंतर त्यासाठी अर्ज घेऊन कर अधिकाऱ्याकडे जावं लागू शकतं. तेव्हा ‘पोर्टलवरचा नंबर बदलला’ ही ओळ त्या पानावर काम झाल्यावरच यावी.

आता आभार. ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ हे वाक्य ऐकून कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. त्याऐवजी असं लिहिलं तर: ‘स्टोअर्समधल्या काकांचे आभार. कुठल्या ट्रकवाल्याने दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचं पॅनसह लिहून दिलंय, ते त्यांना तोंडपाठ आहे.’ अशी लेखी हमी देणाऱ्या वाहतूकदाराच्या भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. ही हमी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, आणि ती कुठल्या कपाटात आहे हे नव्या मुलीला कोण सांगणार? या एका ओळीत काकांचा मान राहिला आणि तिला कुणाला विचारायचं तेही कळलं. माझ्या मते हँडओव्हरमधले आभार असेच असावेत. कुणाला काय माहीत आहे याची नोंद दुसऱ्या कुठल्याच फायलीत नसते.

खासगी नंबर द्यावा का? द्यायला हरकत नाही, पण मुदत घालून. ‘पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत, संध्याकाळी सातनंतर फोन करा’ असं लिहिलं की विचारणाऱ्याला संकोच वाटत नाही आणि सांगणाराही जन्मभर अडकत नाही. ‘कधीही फोन करा’ हे शब्द गोड असतात, पण दोन महिन्यांनी ते दोघांनाही जड जातात.

आयटीवाल्यांमध्ये ‘रिव्हर्स केटी’ची चांगली पद्धत आहे: शिकवणारा गप्प बसतो आणि शिकणारा काम करून दाखवतो. आपल्या कारखान्यातही निघण्याआधीचं एक जीएसटीआर-३बी नव्या मुलीने स्वतः भरावं, जुन्यांनी नुसतं शेजारी बसावं. ती जिथे जिथे थांबून विचारेल, ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटच्या पानावर घ्यावीत. एकट्याने आठवून केलेल्या यादीत हे प्रश्न येत नाहीत. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात आपोआप चालतो आणि मधली पायरी त्याच्या लक्षातच राहत नाही.

पासवर्ड मात्र या पानावर कधीच टाकू नका. त्या दिवशी सगळे जण मोबाइलवर या पानाचा फोटो काढतात आणि तो फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपवर गेलेला असतो.