आडवी, उभी, तिरकी

फळ्यावरचा काटकोन त्रिकोण बहुतेक वेळा एकाच पवित्र्यात उभा असतो: काटकोन खाली कोपऱ्यात, एक बाजू आडवी, एक उभी, तिसरी तिरकी. मुलं मनाशी बांधून टाकतात, की तिरकी तो कर्ण, उभी ती समोरची आणि आडवी ती लगतची. आकृती जरा फिरवली की हा हिशेब कोलमडतो.

समजा, त्रिकोण अबक मध्ये २५ सेंटिमीटरची अब खाली आडवी आहे आणि काटकोन वर, क पाशी आहे. अक १५, बक २०. इथे उभी बाजूच नाही. तिरक्या दोन आहेत, पण त्यांतली एकही कर्ण नाही. म्हणून आधी काटकोन शोधायचा. त्याला न टेकणारी बाजू, म्हणजे अब, हा कर्ण. उरलेल्या दोघींना मात्र कोन निवडेपर्यंत नावच नसतं. कोन अ घेतला तर बक समोरची, अक लगतची; कोन ब घेतला तर उलट. एकच बाई कोणाची नणंद, कोणाची भावजय असावी, तसंच हे.

आकृतीकडे न बघताही हे जमतं. समोरच्या बाजूच्या नावात निवडलेल्या कोनाचं अक्षर नसतं. कर्णाच्या नावात काटकोनाचं अक्षर नसतं. लगतच्या बाजूत ही दोन्ही अक्षरं असतात. कर्णही निवडलेल्या कोनाला टेकलेला असतोच, म्हणून त्याला आधीच बाजूला काढलेलं बरं.

खरी गंमत क पासून अब वर लंब टाकल्यावर येते. तो ड पाशी टेकला, तर कड १२ आणि अड ९. आता छोट्या त्रिकोण अकड मध्ये काटकोन ड पाशी आहे. त्यामुळे मोठ्या त्रिकोणात लगतची असलेली अक इथे कर्ण झाली. कोन अ तोच असल्याने त्याचा कोसाइनही तोच निघतो: मोठ्यात १५/२५, छोट्यात ९/१५, दोन्ही ०.६. पण एका त्रिकोणातली अड आणि दुसऱ्यातला कर्ण अब अशी जोडी लावून ९/२५ लिहिणारे पुष्कळ भेटतात. गुणोत्तर लिहिण्याआधी त्रिकोणाची तीन अक्षरं लिहिली, तर ही सरमिसळ टळते.

कर्णच चुकला आणि साइन एकापेक्षा मोठा आला, तर कॅल्क्युलेटर कोन देतच नाही. समोरची आणि लगतची यांची अदलाबदल झाली, तर मात्र तो निमूटपणे उत्तर देतो. अ चा साइन २०/२५ ऐवजी १५/२५ धरला, तर कोन सुमारे ५३ ऐवजी ३७ अंश येतो. दिसायला दोन्ही सारखेच शहाणे. तेव्हा लांब बाजूसमोर मोठा कोन असतो, हे आठवायचं. अ समोर २० आहे, ब समोर १५, म्हणजे अ हा ४५ अंशांपेक्षा मोठाच हवा.