गच्चीच्या कामाला सिंकिंग फंड का वापरायचा नाही

सर्व सभासदांना,

मागच्या सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला, तेव्हा अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला. कामाचा खर्च ३ लाख ८० हजार आहे आणि दुरुस्ती निधीत १ लाख ६० हजारच आहेत. मग सिंकिंग फंडाच्या ठेवी बँकेत पडून असताना आमच्याकडे पुन्हा पैसे का मागता? पैसे आपलेच आहेत, इमारतही आपलीच आहे. प्रश्न रास्त आहे आणि सभेच्या गडबडीत त्याचे उत्तर नीट देता आले नाही, म्हणून हे पत्र.

दोन निधी, दोन कामे

आपल्या उपविधींप्रमाणे दोन्ही निधींची आकारणी फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर होते. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का. सिंकिंग फंड काढताना जमिनीची किंमत धरत नाहीत, कारण जमीन झिजत नाही, इमारत झिजते. आपल्या २४ फ्लॅटचे क्षेत्रफळ जवळपास सारखेच आहे आणि १९९७ साली प्रत्येकाचा बांधकाम खर्च सुमारे ३ लाख धरला होता. त्यामुळे फ्लॅटमागे वर्षाला २,२५० रुपये दुरुस्ती निधीत आणि ७५० रुपये सिंकिंग फंडात जातात.

दुरुस्ती निधी येत-जात राहण्यासाठीच असतो. पंपाची मोटर, ड्रेनेजचा पाइप, जिन्यातले प्लॅस्टर, गच्चीची गळती ही कामे त्यातून होतात आणि दर काही वर्षांनी तीच कामे पुन्हा निघतात. सिंकिंग फंड मात्र इमारतीचा सांगाडा थकेल त्या दिवसासाठी आहे. पुनर्बांधणी, इमारत मजबूत करण्यासाठी रचनेत करावी लागणारी भर किंवा बदल, आणि वास्तुविशारदाने प्रमाणित केलेली मोठी दुरुस्ती एवढ्यासाठीच तो वापरता येतो, तोही सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने. समितीने आपल्या अधिकारात त्याला हात लावायचा नसतो.

२००७ चे दीड लाख

हे नुसते नियमावर बोट ठेवणे नाही. आपल्याच सोसायटीत काय झाले ते जुन्या सभासदांना आठवत असेल. २००७ साली बाहेरून रंग द्यायचा होता, दुरुस्ती निधी कमी पडला आणि सिंकिंग फंडातून दीड लाख रुपये काढले. त्या वेळच्या समितीचा हेतू चांगलाच होता. रक्कम पुढच्या दोन वर्षांत परत भरायची असेही ठरले होते. ती कधीच भरली गेली नाही.

वर्षाला १८ हजार रुपये २८ वर्षे भरले तर मुद्दल होते ५ लाख ४ हजार. सरासरी ७ टक्के व्याज धरले आणि ते दरवर्षी त्याच निधीत मिळवत गेलो, तर आज साधारण साडेचौदा लाख झाले असते. म्हणजे या निधीचा मोठा भाग आपण भरलेल्या पैशांचा नाही, व्याजावरच्या व्याजाचा आहे. त्याच दराने २००७ चे दीड लाख आज ५ लाखांच्या वर गेले असते. रंग पाच पावसाळ्यांत उडाला. आज फंडात सुमारे साडेनऊ लाख आहेत.

यात आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १९९७ ते २००७ या काळात इथे राहिलेली पाच-सहा कुटुंबे आता फ्लॅट विकून गेली. त्यांनी वापरलेल्या वर्षांच्या झिजेचा वाटा त्यांनी या फंडात ठेवला आणि जाताना परत मागितला नाही, तो फ्लॅटबरोबर इथेच राहतो. तो रंगावर खर्च झाला, की त्या वर्षांची झीज आज राहणाऱ्यांच्या माथी बसते.

गळती कोणती आणि सांगाड्याचे दुखणे कोणते

गच्चीतून पाणी झिरपते हीसुद्धा मोठी दुरुस्ती नाही का, असे दोघांनी विचारले. खर्च मोठा आहे, पण काम वरच्या थराचे आहे. ते दर आठ-दहा वर्षांनी येणारच.

सांगाड्याचे दुखणे वेगळे दिसते. काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे आतली सळई गंजापासून सुरक्षित राहते. हवा आणि पाणी वर्षानुवर्षे आत शिरत गेले की ते संरक्षण जाते. गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. म्हणून कॉलम किंवा बीमला सळईच्या रेषेत सरळ लांब तडा गेला, तपकिरी डाग उतरले किंवा हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर ते प्लॅस्टर नव्हे, सांगाडा बोलतो आहे असे समजावे. नुसत्या प्लॅस्टरचे तडे बारीक, जाळीसारखे, कुठेही असतात.

तरी हा निर्णय मी किंवा समितीने डोळ्यांनी करायचा नाही. इमारत १५ ते ३० वर्षांची असताना दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. आपले शेवटचे ऑडिट गेल्या वर्षी झाले. अहवालात गच्चीच्या स्लॅबची सळई सध्या ठीक असल्याचे आणि वॉटरप्रूफिंग लांबवू नये असे स्पष्ट लिहिले आहे. तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या दोन कॉलमना मात्र पुढच्या तपासणीत बारकाईने पाहायला सांगितले आहे. सिंकिंग फंड त्या कॉलमसाठी आहे. गच्ची गळत ठेवून पैसे वाचवले, तर तेच पाणी उद्या स्लॅबच्या सळईपर्यंत जाईल, म्हणून हे काम टाळायचेही नाही.

हिशेब तुम्हीच तपासा

दोन्ही निधींच्या रकमा ताळेबंदाच्या देणी बाजूला स्वतंत्र दिसतात. त्या सोसायटीचे उत्पन्न नाहीत. समोरच्या बाजूला सिंकिंग फंडाच्या ठेवी दिसतात. हे दोन आकडे जुळले पाहिजेत. फंड साडेनऊ लाख आणि ठेव सात लाख दिसली, तर अडीच लाख कुठेतरी वीजबिलात किंवा सुरक्षारक्षकांच्या पगारात गेले असा त्याचा सरळ अर्थ आहे. दुसरी खूण व्याजाची. सिंकिंग फंडाचे व्याज फंडातच जमा व्हायला हवे. ते उत्पन्न-खर्च पत्रकात उत्पन्न म्हणून आले, तर मेंटेनन्स तेवढा कमी दिसतो आणि फंड मात्र वाढत नाही. बऱ्याच सोसायट्यांत नेमके हेच होते. आपल्याकडेही २०१२ पर्यंत दोन वर्षे झाले होते. लेखापरीक्षकांनी दाखवल्यावर ती रक्कम फंडात वळती केली.

मग गच्चीचे पैसे कुठून?

तूट २ लाख २० हजारांची आहे. २४ फ्लॅटांत ती वाटली तर प्रत्येकी सुमारे ९,१७० रुपये येतात. कंत्राटदार सहा हप्त्यांत पैसे घ्यायला तयार आहे, त्यामुळे महिन्याला साधारण १,५३० रुपये द्यावे लागतील. ज्यांना एवढे जड जाईल त्यांनी मला घरी येऊन सांगावे, बारा हप्त्यांची सोय करता येईल.

ही तूट पुन्हा येऊ नये म्हणून दुसरा ठरावही मांडतो आहे. उपविधींतला पाऊण टक्का ही खालची मर्यादा आहे, ती वाढवण्याचा अधिकार सभेला आहे. १९९७ च्या बांधकाम खर्चावर काढलेल्या महिन्याला १८७ रुपये ५० पैशांत आजचा प्लंबरही येत नाही. दर दीड टक्का केला तर महिन्याला ३७५ रुपये होतील.

दोन्ही ठराव, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि ठेवींच्या पावत्यांच्या प्रती सोसायटीच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ७ ते ८ या वेळेत पाहायला ठेवल्या आहेत. सभेला येण्यापूर्वी प्रत्येकाने त्या एकदा जरूर पाहाव्यात ही विनंती.

आपला,
खजिनदार