गर्भारपणातील प्रवास : पट्टा पोटावर नव्हे, पोटाखाली

जबलपूर : गर्भवती स्त्रीने मोटारीत सीटबेल्ट लावावा की नाही, याबाबत अनेक घरांत अजूनही संभ्रम आहे. पट्ट्याचा दाब बाळावर पडेल, या भीतीने तो काढून ठेवला जातो किंवा हाताने पुढे ओढून सैल धरला जातो. वैद्यकशास्त्राचे मत याबाबत निःसंदिग्ध आहे. गर्भारपणाच्या पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत पट्टा लावलाच पाहिजे. फक्त तो कोठून जातो, हे पाहिले पाहिजे. भारतीय कायद्यातही गर्भवतीला सीटबेल्टमधून वेगळी सूट दिलेली नाही.

अपघातात गर्भाला होणारी इजा अनेकदा आईच्या अंगावर दिसत नाही. या विषयातील सर्वांत मोठा धोका त्यातच आहे. पहिले सुमारे १२ आठवडे गर्भाशय ओटीपोटातील हाडांच्या कड्याआड सुरक्षित असते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास ते बेंबीपर्यंत पोहोचते आणि त्यानंतर समोरून येणारा धक्का थेट त्यावर बसू शकतो. बाळाभोवतीचे गर्भजल बराचसा आघात पचवते. मात्र गर्भाशयाची भिंत लवचीक असते, तर तिला चिकटलेली वार तशी नसते. जोराचा धक्का बसला की भिंत ताणली जाते, आकार बदलते, पण वार त्याबरोबर ताणली जात नाही. परिणामी ती भिंतीपासून सुटू लागते. बाळाला प्राणवायू पोहोचविणारा मार्ग तिथेच तुटतो. आईला साधे खरचटलेलेही नसताना हे घडू शकते.

पट्टा नसेल, तर हे टाळण्याचे दुसरे साधन मोटारीत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार अचानक थांबली, तर आतील व्यक्तीला बसणारा आघात साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. तो हातांनी अडविता येत नाही. पोट समोरच्या आसनावर किंवा चालक असल्यास स्टिअरिंगवर आदळते. पट्टा पोटाच्या मधोमध असेल, तरीही इजा होते, कारण मग सगळा जोर गर्भाशयावरच येतो. कमरेच्या हाडांवरून गेलेल्या पट्ट्याच्या तुलनेत हा जोर कित्येक पटींनी अधिक असतो.

योग्य पद्धत अशी. प्रथम आसनाच्या पाठीला पाठ पूर्ण टेकवून ताठ बसावे. आडवा पट्टा पोटाच्या फुगवट्याखाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवर घ्यावा. तिरका पट्टा खांद्याच्या मध्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या कडेने खाली यावा. शेवटी तिरका पट्टा वर ओढून आडव्या पट्ट्यातील सैलपणा काढावा. तिरका पट्टा काखेतून घेणे किंवा पाठीमागे टाकणे ही नेहमीची चूक आहे. तसे केल्यास शरीराचा वरचा भाग मोकळा राहतो आणि पोटावर घडी पडते.

साडी नेसलेल्या स्त्रीसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. निऱ्यांचा पुडका, थंडीतील शाल किंवा मांडीवरची पिशवी यांवरून पट्टा घेतला, की तो हळूहळू वर सरकतो आणि तासाभरात पोटावर येऊन बसतो. त्यामुळे निऱ्या सपाट कराव्यात, शाल पट्ट्याच्या वरून पांघरावी आणि वाहन थांबेल तेव्हा पट्ट्याची जागा पुन्हा तपासावी. पट्टा टोचतो म्हणून त्याखाली उशी ठेवणे योग्य नाही. उशी दबली, की तेवढा सैलपणा अपघाताच्या क्षणी निर्माण होतो.

स्वतः गाडी चालविणाऱ्या स्त्रीने छातीचे मधले हाड आणि स्टिअरिंग यांच्यात किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत व चार बोटे इतके अंतर ठेवावे. स्टिअरिंग खालीवर होत असेल, तर त्याचा रोख पोटाकडे नव्हे, छातीकडे असावा. पोट वाढत जाईल तसे आसन मागे घ्यावे. आसन मागे घेतल्यावर पाय पॅडलपर्यंत पोहोचत नसतील, तर ती गाडी चालविण्याची वेळ संपली असे समजावे. एअरबॅग मात्र बंद करू नये; ती पट्ट्याबरोबरच काम करते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात पाच लाखांहून अधिक मातांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भारपणाच्या दुसऱ्या तिमाहीत चालक म्हणून गंभीर अपघातात सापडण्याचे प्रमाण गर्भधारणेपूर्वीच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. याच तिमाहीत मळमळ ओसरते, पोट फार मोठे नसते आणि स्त्रीला आपण ठणठणीत आहोत असे वाटते. थकवा व अपुरी झोप मात्र सोबत असतेच.

दुचाकीबाबत परिस्थिती वेगळी आहे, कारण तिथे पट्टाच नाही. रस्त्यावरील खड्ड्यांच्या धक्क्याने गर्भपात होतो, हा समज सर्वत्र असला तरी त्याला भक्कम आधार नाही. पहिल्या तीन महिन्यांतील बहुतांश गर्भपात गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. दुचाकीवरील खरा धोका पडण्याचा आहे. पोट वाढते तसा शरीराचा तोल पुढे सरकतो, सांधे सैलावतात, आणि एका बाजूला पाय सोडून बसलेल्या स्त्रीला धरायला अनेकदा काहीच नसते. गतिरोधकावर मागचे चाक उसळले, की ती मागे किंवा कडेला फेकली जाते.

या विषयाचा जबलपूरशी थेट संबंध आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार प्रत्येक मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची कायमची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण असणे बंधनकारक आहे. हे आवरण म्हणजेच साडी गार्ड. येथे मुख्य पीठ असलेल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २००८ मध्ये या नियमाच्या काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिला. वाहन उत्पादकांच्या संघटनेने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, परंतु आदेश कायम राहिला. तरीही दिसायला बरे नाही म्हणून नव्या गाडीचे साडी गार्ड काढून टाकणारे अनेक आहेत. पदर किंवा ओढणी चाकात गुंतली, की मागे बसलेली स्त्री क्षणात खाली ओढली जाते. गर्भवतीच्या बाबतीत ही हौस परवडणारी नाही.

दुसरा पर्याय नसल्यास पहिल्या काही महिन्यांत, तब्येतीची गुंतागुंत नसलेल्या स्त्रीने सलवार घालून, दोन्ही बाजूंना पाय टाकून, दोन्ही पाय पायटीवर टेकवून बसावे. ओढणी आत खोचावी आणि आयएसआय चिन्ह असलेले हेल्मेट हनुवटीखाली पट्टा आवळून घालावे. पोट बेंबीपर्यंत आल्यानंतर दुचाकी टाळणे हेच इष्ट. रक्तस्राव झालेला असेल, वार खाली असेल, गर्भाशयाच्या मुखाला टाका घातलेला असेल किंवा मुदतपूर्व कळांची शक्यता सांगितली असेल, तर दुचाकी सुरुवातीपासूनच वर्ज्य करावी आणि इतर प्रवासही डॉक्टरांना विचारूनच करावा.

जबलपूरमधील मराठी कुटुंबांत पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, अनेकदा नागपूरला जाण्याची रीत आहे. लखनादौन व शिवनीमार्गे हा प्रवास सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा आहे. उदाहरणादाखल, ३१ आठवड्यांची गर्भवती सकाळी मोटारीने निघाली आहे, असे समजू. तिने मागच्या आसनावर, तीनही ठिकाणी अडकणारा पट्टा असलेल्या बाजूच्या जागी बसावे. मधल्या जागेवर काही जुन्या गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा असतो. ती जागा टाळावी. साधारण दर दोन तासांनी गाडी थांबवून पाच-दहा मिनिटे चालावे, कारण गर्भारपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटरीत गुठळी होऊ शकते. एकाच पोटरीला सूज व दुखणे हे तिचे लक्षण होय. तपासणीची फाइल डिकीत न ठेवता हाताशी ठेवावी.

लखनादौन मागे पडल्यावर पुढचा ट्रक अचानक थांबतो आणि मोटार कमी वेगात त्यावर आदळते. बंपर वाकतो, कोणालाही जखम नाही, स्त्रीला बरे वाटते आहे. बहुतेक कुटुंबे या क्षणी पुढे निघतात आणि नागपूरला पोहोचल्यावर पाहू, असे म्हणतात. वाटेवर शिवनीचे जिल्हा रुग्णालय आहे. तिथे थांबणे हा योग्य निर्णय ठरतो. वार सुटण्याची लक्षणे लगेच दिसतीलच असे नाही, ती काही तासांनी उमटू शकतात. पोट दगडासारखे कडक होणे, थांबून थांबून किंवा सतत दुखणे, पाठीत कळ येणे, बाळाची हालचाल मंदावणे, रक्त किंवा पाणी जाणे, चक्कर येणे ही ती लक्षणे. रक्त बाहेर दिसलेच पाहिजे असे नाही. ते वारेच्या मागे साठून राहू शकते.

बाळ बाहेर जगू शकेल इतके आठवडे झाले असतील, तर अशा धक्क्यानंतर किमान चार तास बाळाच्या हृदयाचे ठोके आणि गर्भाशयाच्या कळा यांचा आलेख घेण्याची पद्धत आहे. कळा, रक्तस्राव किंवा पोटदुखी असल्यास निरीक्षण २४ तासांपर्यंत वाढविले जाते. केवळ सोनोग्राफी ठीक आली म्हणून घरी जाणे पुरेसे नाही; सुटलेली वार सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही. दुचाकीवरून पडल्यावरही हाच नियम लागू होतो. शहरात असताना १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून एल्गिन या जुन्या नावाने ओळखले जाणारे राणी दुर्गावती रुग्णालय किंवा नागपूर रस्त्यावरील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठता येते. वाट पाहताना स्त्रीला उताणे न निजवता डाव्या कुशीवर वळवावे, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. मात्र मान किंवा पाठीला मार लागल्याची शंका असल्यास तिला तज्ज्ञ मदत येईपर्यंत हलवू नये.

रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी सांगाव्यात : किती आठवडे झाले, पट्टा कोठे होता आणि रक्तगट कोणता. रक्तगट निगेटिव्ह असल्यास धक्क्यात बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळण्याची शक्यता गृहीत धरून अँटी-डी हे इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावे लागते. ते चुकल्यास या बाळापेक्षा पुढच्या बाळाला अधिक धोका असतो.