केलं तर चालेल का?

पहाटे 5.30

शनिवारची शाळा सकाळची असते आणि त्याआधी आठवीच्या शिष्यवृत्तीचा जादा तास, म्हणून चहा होईपर्यंत कालच्या सराव चाचणीच्या उत्तरपत्रिका पुढ्यात घेते. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे पंचवीस प्रश्न असतात, प्रत्येकाला दोन गुण. त्यातले मोडल्सचे, म्हणजे कॅन, मे, मस्ट, शुड यांचे प्रश्न थोडेच, पण तिथेच हुशार मुलं अडखळतात.

सातव्या प्रश्नाकडे माझं विशेष लक्ष आहे. ‘यू ____ वेअर अ हेल्मेट.’ पर्याय मे, मस्ट, शुड, कॅन. उत्तरसूचीत मस्ट. मी आधी एकूण गुणांप्रमाणे गठ्ठ्याचे दोन भाग करते आणि मग हा एकच प्रश्न दोन्हीकडे बघते. बाकीचा पेपर कच्चा असलेली मुलं चुकली असतील, तर शिकवणं कमी पडलं असं समजायचं. पण ज्यांचं बाकी जवळजवळ सगळं बरोबर आहे तीच मुलं दोन पर्यायांत विभागली गेली, तर दोष प्रश्नात असतो. इथे वरच्या गठ्ठ्यातली निम्मी मुलं मस्टवर आहेत आणि निम्मी शुडवर. ती बरोबरच आहेत. हे वाक्य पोलीस म्हणतो आहे की आई, हे प्रश्नाने सांगितलेलंच नाही. पोलीस असेल तर मस्ट, काळजीने सांगणारी आई असेल तर शुड. तो प्रश्न रद्द करते आणि सगळ्यांना गुण देते.

सकाळी 7.00

वर्गात मोडल्सची यादी फळ्यावर लिहून देत नाही. ‘मस्ट म्हणजे पाहिजे, शुड म्हणजे पाहिजे’ इथपर्यंत मुलं स्वतःच पोचलेली असतात आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो. ‘हेल्मेट घातलं पाहिजे’ या वाक्यात कायदाही बसतो आणि सल्लाही. त्यामुळे अर्थ पाठ करून घेण्याऐवजी मी दोन प्रश्न विचारायला लावते. पहिला: केलं तर चालेल का? दुसरा: नाही केलं तर चालेल का?

आज यासाठी एक वाक्य घेतलं. ‘टुमॉरो इज अ हॉलिडे. यू ____ गेट अप अर्ली.’ पर्याय मस्ट, मस्ट नॉट, नीड नॉट, कॅनॉट. पुष्कळ हात मस्ट नॉटसाठी वर आले. त्यामागचा विचार सरळ होता: मस्ट म्हणजे उठलं पाहिजे, मग नॉट लावलं की ‘उठलं पाहिजे असं नाही’. पण इंग्रजीत ते नॉट मस्टला रद्द करत नाही, ते उठण्याला जाऊन लागतं. ‘न उठणं’ सक्तीचं होतं. म्हणजे मस्ट नॉट हे आपलं ‘उठता कामा नये’.

हे सगळं समजावण्याऐवजी एका मुलीला उभं केलं.

“उद्या सुट्टी आहे. तू लवकर उठलीस तर चालेल का?”

“चालेल की, मॅडम.”

“आणि नाही उठलीस तर?”

“तरी चालेल.”

“मग मस्ट नॉट कसं? मस्ट नॉट असतं तर उठलेलं चाललं असतं का?”

ती थांबली, मग म्हणाली, “नसतं चाललं. आईनं रागावलं असतं.”

मग फळ्यावर चौकट काढली. केलं तर चालेल, नाही केलं तर चालणार नाही: मस्ट. केलं तर चालणार नाही: मस्ट नॉट. नाही केलं तर चालेल, पण केलेलं बरं: शुड. दोन्ही चालेल, या खान्यात मात्र दोन शब्द आले, नीड नॉट आणि परवानगीचा मे. एका मुलाने लगेच विचारलं, “मग मॅडम, या दोघांत फरक कसा करायचा?” आजच्या तासातला हा सर्वांत चांगला प्रश्न. शंका कोणत्या बाजूची होती ते बघायचं. ‘मी खेळायला जाऊ का?’ असं विचारणाऱ्याला करण्याबद्दल शंका आहे, त्याला मे. ‘वही आणायलाच हवी का?’ असं विचारणाऱ्याला न करण्याबद्दल शंका आहे, त्याला नीड नॉट. वाक्यात आधी कोणती शंका पेरली आहे हे शोधायची सवय लागली की उरलेले पर्याय आपोआप गळतात.

शाळा अकराला सुटली. मधल्या तासांत पाढे, परिपाठ आणि हजेरी. त्यात या विषयाचं काही नव्हतं.

सकाळी 11.45

साताऱ्याहून सांगलीची एसटी. दुपारी सांगलीत आम्हा काही शिक्षकांची बैठक आहे, एकमेकांचे सराव प्रश्न तपासण्यासाठी. गाडी कराडमार्गे जाते. कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि तिथून ते पाणी सांगलीकडे जातं. आजचा एक प्रश्न याच पाण्यावर आहे, म्हणून खिडकीशी बसून तो पुन्हा वाचते.

गाडीत डोळ्यांपुढे पाटी आहे, धूम्रपान करू नये. मुलं ‘नये’चं इंग्रजी बहुतेक वेळा शुड नॉट करतात. वर्गातल्या वाक्यात ते पुष्कळदा बरोबरही असतं: ‘उन्हात फिरू नये’ हा सल्ला आहे. पण सरकारी पाटीवरचं ‘नये’ म्हणजे बंदी असते, आणि तिथे मस्ट नॉट लागतो. रूप एकच, अधिकार वेगळा. म्हणून पाटीवरचा प्रश्न काढताना मी ‘अ नोटिस इन द बस सेज’ एवढं वाक्याआधी लिहितेच. ते न लिहिता मुलाकडून मस्ट नॉटची अपेक्षा करणं अन्याय आहे.

पेठ नाक्यानंतर आष्ट्यापर्यंत मराठी व्याकरणाचं पान चाळलं. याच मुलांना मराठीच्या तासाला विध्यर्थ शिकवला जातो. ‘मुलांनी रोज वाचावं’ यात कर्तव्य आणि ‘ते आता घरी पोचले असावेत’ यात तर्क, दोन्हीकडे रूप ‘वा’चंच. इंग्रजीतला मस्टही असाच दोन कामं करतो. ‘ही मस्ट गो होम’ म्हणजे त्याने गेलंच पाहिजे, ‘ही मस्ट बी अॅट होम’ म्हणजे तो घरी असला पाहिजे, असा आपला अंदाज. मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक हे दोन धडे एकाच आठवड्यात घेतील तर मुलांची निम्मी भीती जाईल असं माझं ठाम मत आहे.

दुपारी 3.00

सांगली. बैठकीत पहिलाच वाद ‘____ आय बॉरो युअर पेन, प्लीज?’ या प्रश्नावर झाला. एका ज्येष्ठ सरांचं म्हणणं, परवानगीला मेच, कॅन फक्त क्षमतेला. त्यांच्या पिढीला तसंच शिकवलेलं आहे आणि औपचारिक लेखनात तो भेद अजून काही जण पाळतात. पण बोलण्यात आणि आजच्या पुस्तकांतही परवानगीचा कॅन सर्रास येतो. एका उत्तराच्या प्रश्नात दोन्ही ठेवले तर उत्तरसूची कोणतीही असो, तक्रार येणारच.

आठवीच्या शिष्यवृत्तीत यावर वाट आहे. तिथे काही प्रश्नांना चारांपैकी दोन पर्याय बरोबर असतात, जास्तीत जास्त वीस टक्के प्रश्नांना, आणि दोन्ही गोल रंगवावे लागतात. मोडल्सना ही पद्धत फार मानवते. पर्याय असे ठरले: कॅन, मे, मस्ट, शुड. पहिले दोन बरोबर. सरांनी आणखी एक गोष्ट नेमकी पकडली: चौथा पर्याय कुड ठेवला असता तर बरोबर तीन झाले असते. दोन उत्तरांच्या प्रश्नात उरलेले दोन पर्याय निःसंशय चूक हवेत, आणि ते तपासायला मूळ प्रश्न काढण्याहून जास्त वेळ जातो.

मग माझा पुराचा प्रश्न आला. पहिला मसुदा असा होता: ‘द वॉटर अॅट आयर्विन ब्रिज हॅज क्रॉस्ड 45 फीट. पीपल ऑन द बँक ____ मूव्ह अॅट वन्स.’ सांगलीच्या मुलाला 45 फूट म्हणजे धोका पातळी आणि 40 म्हणजे इशारा पातळी हे सांगायला लागत नाही, 2019चा पूर त्याच्या घराने पाहिलेला असतो. पण माणच्या मुलाला तो नुसता आकडा आहे. त्याची परीक्षा इंग्रजीची की कृष्णेच्या पातळीची? म्हणून ‘द डेंजर मार्क’ हे शब्द प्रश्नातच घातले. शुड हा पर्यायही काढला, कारण धोक्यातही कोणी सल्ल्याच्या सुरात बोलू शकतो. उरले मस्ट, मे, नीड नॉट आणि मस्ट नॉट. आता चालेल-न-चालेलची कसोटी लावली की एकच उत्तर उरतं.

दुसरा भाग शक्यतेचा. ‘वॉटर इज बीइंग रिलीज्ड फ्रॉम कोयना. द रिव्हर ____ राइज बाय टुनाइट, बट नोबडी इज शुअर.’ इथे चालेलची कसोटी निरुपयोगी आहे. नदीला परवानगी कोण देणार? इथे विचारायचं, बोलणाऱ्याची खात्री किती? शेवटचे चार शब्द त्यासाठीच आहेत. पर्याय मे, माइट, मस्ट, नीड नॉट, दोन उत्तरं मे आणि माइट. ‘नोबडी इज शुअर’ नसतं तर पाणी सोडलंय म्हणजे चढणारच, असं म्हणून मुलाने मस्ट निवडला असता आणि त्याला चूक म्हणता आलं नसतं.

एका मॅडमनी तर्काचा नकार आणला होता: ‘द डोअर इज लॉक्ड फ्रॉम आउटसाइड. ही ____ बी अॅट होम.’ मुलं मस्टला नॉट जोडून मस्ट नॉट निवडतात, पण तर्कातल्या मस्टचा नकार कान्ट आहे. प्रश्न उत्तम, फक्त पर्यायांत मे नॉट होता. कडी बाहेरून असली तरी आत कोणी असू शकतं, असं एखादं मूल म्हणेल. मे नॉट काढून मस्ट घातला.

संध्याकाळी 6.30

परतीच्या गाडीत फक्त उत्तरसूची लिहायची असते. आमच्या सूचीत अक्षराच्या पुढे एक ओळ असते: कोणत्या शब्दाने उत्तर ठरलं. पुराच्या पहिल्या प्रश्नापुढे ‘डेंजर मार्क’, दुसऱ्यापुढे ‘नोबडी इज शुअर’, सुट्टीच्या प्रश्नापुढे ‘हॉलिडे’. ज्या प्रश्नापुढे असा शब्द लिहिता येत नाही तो संचात जात नाही. आज तसे दोन निघाले. एकात ‘यू ____ रिस्पेक्ट युअर पेरेंट्स’ होतं, मस्ट की शुड याला वाक्यात काहीच आधार नव्हता. दुसरा माझा हेल्मेटचा.

तो मात्र सोडवत नाही, कारण रोज साताऱ्याच्या पोवई नाक्यावर मुलांच्या डोळ्यांपुढचा तो विषय आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्यात कलम 129 हेल्मेटचं आहे, त्याचा आधार घेऊन वाक्य पुन्हा बांधते: ‘इट इज द लॉ. अ रायडर ____ राइड विदाउट अ हेल्मेट.’ पर्याय मस्ट नॉट, नीड नॉट, मस्ट, मे. आधारशब्द ‘लॉ’. सोमवारी सातच्या तासाला पहिला हाच प्रश्न देणार आहे, आणि वरच्या गठ्ठ्यातली मुलं पुन्हा विभागली गेली, तर हाही बदलेन.