छत किती उंच, हे बसून पाहावं

बेडरूम मोकळी वाटते आणि तिच्या दुप्पट मोठा हॉल मात्र दडपल्यासारखा वाटतो. पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटमधली ही नेहमीची तक्रार. खरं तर स्लॅब दोन्हीकडे एकच असतो आणि उंचीही तीच. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर, म्हणजे जवळजवळ 9 फूट सांगितली आहे आणि बहुतेक इमारती तिथेच आसपास थांबतात. मग फरक कुठून येतो?

तो नजरेतून येतो. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 5 फुटांवर असतात, म्हणजे डोळ्यांच्या वर छतापर्यंत उरतात 4 फूट. खोली 10 फूट खोल असेल, तर समोरची भिंत छताला जिथे मिळते तिथे पोचायला नजर सुमारे 22 अंश वर न्यावी लागते. समोर पाहणाऱ्याला मुख्यतः भिंतच दिसते, छत डोक्यावर राहून जातं. हॉल 18 फूट लांब असेल, तर तीच रेषा जेमतेम साडेबारा अंशांवर येते. मान न उचलता छताचा मोठा पट्टा समोरच पसरलेला दिसतो आणि खोली ठेंगणी वाटते. आंद्रेआ पल्लादिओ या इटालियन वास्तुकारानं 1570 च्या आपल्या ग्रंथात सपाट छताच्या खोलीची उंची तिच्या रुंदीइतकी असावी, असं लिहून ठेवलं आहे. 10 बाय 10 ची बेडरूम 9 फुटांत या मापाच्या जवळ जाते. 12 बाय 18 चा हॉल जात नाही.

आता यात फॉल्स सीलिंग येतं. 6 इंच खाली घेऊ, काय फरक पडतो, असं म्हटलं जातं. 9 फुटांतले 6 इंच म्हणजे अठरावा हिस्सा, असा तो हिशेब असतो. पण डोळ्यांच्या वर फक्त 4 फूटच होते, त्यांचा आठवा हिस्सा गेला. एसीच्या डक्टसाठी फूटभर खाली आलात, तर पाव हिस्सा जातो. शिवाय पंखा असतोच. पाती छतापासून फूटभर खाली ठेवली नाहीत तर वारा नीट लागत नाही. साडेआठ फुटांच्या छताखाली ती साडेसात फुटांवर फिरतात. टी-शर्ट काढताना हात वर करावेत की नाही, असा प्रश्न मला अशा खोलीत पडतो.

तरीही कमी उंची म्हणजे कोंदट खोली, हे समीकरण मला मान्य नाही. जुन्या वाड्यांतलं कडीपाटाचं माजघर आठवून पाहा. कित्येक ठिकाणी ते जेमतेम 8 फूट उंच असतं, पण तिथे गुदमरल्यासारखं होत नाही. कारण तिथे माणसं जमिनीवर बसत. सतरंजीवर मांडी घातली की डोळे अडीच फुटांवर येतात आणि वर साडेपाच फूट मोकळे राहतात. उभ्या माणसाला तेवढी मोकळीक मिळायला छत साडेदहा फुटांवर हवं. खिडक्यांचे कट्टेही बसलेल्या माणसाच्या हिशेबानं खाली असत. त्याच खोलीत उंच पाठीचा सोफा आणि डोक्याइतकं कपाट आणून ठेवा, ती लगेच बसकी वाटेल.

म्हणून 9 फुटांच्या हॉलमध्ये मी आधी सामान ठेंगणं करायला सांगेन: बसायची बैठक 14-15 इंचांवर, पाठ कमी, टीव्हीखालचं युनिट लांब आणि बुटकं. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीवर न लावता छताला भिडवावी, म्हणजे उभी रेषा अखंड राहते. फॉल्स सीलिंग हवंच असेल, तर ते कडेनं फूट-दीड फुटाच्या पट्टीपुरतं करून मधला भाग स्लॅबपर्यंत मोकळा सोडावा. खाली आलेली बीम हॉलच्या मधोमध असेल, तर तिची जाडी लपवण्यासाठी सगळं छत तिच्या पातळीला आणू नये. तिच्यापुरता एक अडथळा नजर सहज मान्य करते. दारातून आत येणारा बोळ मात्र साडेसात-आठ फुटांवर आणायला हरकत नाही. त्यातून बाहेर पडताच 9 फुटांचा हॉल आहे त्याहून उंच भासतो. अमेरिकी वास्तुकार फ्रँक लॉइड राइट आपल्या घरांत प्रवेश मुद्दाम बुटका ठेवत, तो यासाठीच.

उलटी अडचणही असते. जुन्या इमारतींतल्या मोठ्या दालनाला पार्टिशन घालून 8 बाय 10 ची खोली काढली आणि छत 13 फुटांवरच राहिलं, की विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं होतं. तिथे दिवा साखळीनं खाली आणावा आणि साधारण 7 फुटांवर भिंतीचा रंग बदलावा. दाराच्या चौकटीच्या रेषेत तो बदल आला, की खोलीला माणसाचं माप मिळतं.

पीओपीवाल्याला होकार देण्याआधी एक गोष्ट करावी. प्रस्तावित उंचीवर समोरासमोरच्या भिंतींना मास्किंग टेप लावून मध्ये सुतळी ताणावी, सोफ्याच्या जागी खुर्ची ठेवून बसावं, मग दारात उभं राहावं. दोन्हीकडून सुतळी खुपली नाही, तर काम सुरू करायला सांगावं.