गिरणीतला धोटा आणि मार्क्सचा इमला: एकाच गेटमधून आत जाणारे कामगार 'एक वर्ग' कधी होतात?

1920च्या दशकातली मुंबईतली एखादी कापड गिरणी डोळ्यासमोर आणा. भोंगा झाला की हजारो कामगार एकाच गेटमधून आत जायचे. आत गेल्यावर मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या व्हायच्या. दलित कामगारांना सूत कातण्याच्या रिंग खात्यात काम मिळायचं. साळखात्यात, म्हणजे जिथे मागावर कापड विणलं जायचं तिथे, त्यांना जवळपास प्रवेशच नव्हता. आणि जास्त पगार साळखात्यातच होता.

कारण सांगितलं जायचं ते धोट्याचं. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवायचा आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घ्यायचा. तोच धोटा दुसऱ्या विणकराच्याही तोंडाला लागायचा. दलित कामगाराचं तोंड लागलेला धोटा आपण वापरणार नाही, असं सवर्ण विणकरांचं म्हणणं होतं.

मार्क्सवादातल्या दोन गाजलेल्या कल्पना समजून घ्यायच्या असतील, तर हा धोटा हातात धरून ठेवा.

पाया म्हणजे नुसता पैसा नव्हे

कार्ल मार्क्सने 1859 मध्ये आपल्या एका अर्थशास्त्रीय ग्रंथाच्या प्रस्तावनेत समाजाला इमारतीची उपमा दिली. खाली पाया आणि त्यावर उभा इमला. सोशल मीडियावरच्या वादांमध्ये 'पाया म्हणजे पैसा' असं सर्रास सांगितलं जातं, ते अपुरं आहे. पाया म्हणजे उत्पादनासाठी माणसांमध्ये तयार झालेले संबंध. गिरणी आणि माग कोणाच्या मालकीचे, श्रम कोण विकतं, कामावर कोण घेतं आणि नफा कोणाकडे जातो, हे सगळं त्यात येतं. कायदा, राज्यसंस्था, धर्म आणि लोकांच्या मनातल्या योग्य-अयोग्याच्या कल्पना हा इमला. पाया बदलला की आज ना उद्या इमलाही बदलतो, असा हा सिद्धांत.

म्हणजे इमला नुसता शोभेचा का? तसं नाही. मार्क्सचा सहकारी फ्रेडरिक एंगल्सने 1890 मधल्या एका पत्रात स्पष्ट केलं की इमलाही पायावर परिणाम करतो. आर्थिक बाजू निर्णायक ठरते ती शेवटच्या हिशोबात, प्रत्येक घटनेत नव्हे.

परिस्थिती एक, पण जाणीव?

दुसरी कल्पना वर्गाची. 1847 मध्ये प्रूदाँ या फ्रेंच विचारवंताला उत्तर देताना मार्क्सने एक फरक दाखवला. भांडवलाच्या संदर्भात कामगारांची परिस्थिती एकसारखी असते, म्हणून ते एक वर्ग असतातच. पण आपलं हित एक आहे हे ओळखून ते संघटित होतात, तेव्हाच ते 'स्वतःसाठीचा वर्ग' बनतात. पहिल्या अवस्थेला पुढे 'स्वतःमधला वर्ग' असं नाव पडलं. ही जोडी मार्क्सच्या नावावर सरसकट खपवली जाते, पण या नेमक्या जोडशब्दांत त्याने ती मांडलेली नाही. ती रूढ केली नंतरच्या अभ्यासकांनी.

गिरणगावातला कामगार या व्याख्येनुसार 'स्वतःमधला वर्ग' होताच. सगळेच पगारावर जगणारे आणि मालकापुढे सारखेच हतबल. पण नोकरी मिळायची ती जॉबरच्या ओळखीने. अडीनडीला उसने पैसेही बऱ्याचदा तोच द्यायचा. राहायचं गाववाल्यांच्या खोलीत आणि संप लांबला की कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी परतायचं. रोजच्या जगण्यात उपयोगी पडायचे ते गाव, नातं आणि जात. 'कामगार' ही ओळख त्या मानाने दूरची होती.

1928 मध्ये काय घडलं?

मालकांनी कमी माणसांत जास्त काम करून घ्यायची योजना आणली. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे होते. सुरुवातीला विरोध एकेका गिरणीपुरता होता. मग एप्रिल 1928 मध्ये संप शहरभर पसरला. सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. त्याच काळात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट तिच्या नेतृत्वात होते, आणि अर्जुन आळवे यांच्यासारखे स्वतः गिरणीत काम करणारेही.

वर्गजाणीव मोजायची कशी? घोषणांचा आवाज किती मोठा, यावरून ती कळत नाही. मागण्यांची यादी बघावी लागते. माझं खातं, माझी गिरणी इथपर्यंतच ती थांबते का? संयुक्त संप समितीच्या 17 मागण्या संपूर्ण उद्योगासाठी होत्या, म्हणजे उडी मोठीच होती.

पण साळखात्याचं दार? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. दलितांना सगळ्या खात्यांत काम मिळावं ही मागणी घेतली नाही, तर दलित कामगारांनी संपात का राहावं? नेत्यांनी नाइलाजाने ती यादीत घेतली. धनंजय कीर यांनी आंबेडकरांच्या चरित्रात नोंदवलंय की मालकांनी या मागणीची थट्टा केली आणि या अन्यायाला आपण जबाबदार नाही, असं सांगितलं. मालकांच्या या उत्तरात सोयिस्कर पळवाट होती, पण कामगार नेत्यांना झोंबणारं सत्यही होतं.

मग जात नक्की कुठे बसते, पायात की इमल्यात? विटाळाची कल्पना धर्मातून आली म्हणून ती इमल्यातली म्हणावी, तर कोणत्या यंत्रावर कोण उभं राहणार आणि त्याला किती पगार मिळणार, हे तीच ठरवत होती. म्हणजे ती थेट उत्पादनाच्या संबंधांत शिरलेली होती. 1936 मध्ये आंबेडकरांनी लिहिलं की जात ही श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे. 1938 मध्ये 'जनता' पत्रातून तर मार्क्सची उपमाच त्यांनी उलटी फिरवली. पाया बदलायचा असेल तर त्यावर उभी असलेली इमारत आधी पाडावी लागेल, असा त्यांचा मुद्दा होता.

जाणीव टिकतेच असं नाही

एकदा आलेली वर्गजाणीव कायमची राहते, हाही गैरसमज. संप मिटून काही महिनेच झाले होते, तोच फेब्रुवारी 1929 मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. मार्चमध्ये मीरत कट खटल्यात युनियनचे प्रमुख नेते पकडले गेले. त्याच वर्षीचा दुसरा मोठा संप फसला आणि त्या संपाला आंबेडकरांचा विरोध होता. कामगारांची परिस्थिती तीच होती, पण एकजूट विरली.

ती पुन्हा दिसली 7 नोव्हेंबर 1938 रोजी, आणि या वेळी निमित्त इमल्यातलं होतं. प्रांतिक सरकारने संपाच्या हक्कावर बंधनं घालणारं औद्योगिक विवाद विधेयक आणलं. त्याविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. दहा वर्षांपूर्वी साळखात्याच्या दारावरून ज्यांच्यात खटके उडाले होते, ते एकाच व्यासपीठावर आले. विधेयकाचा कायदा झालाच. साळखात्याचं दारही त्या एका दिवसाने उघडलं नाही.